रिंग खिशात, आवाज कुठे?

चाकण औद्योगिक वसाहत ज्या गावांच्या शिवारात पसरली त्यांतलं निघोजे हे एक. महिंद्राच्या चाकण कारखान्याच्या पत्त्यात गाव म्हणून निघोजेच लागतं, आणि फोक्सवॅगनच्या पत्त्यातही म्हाळुंगे, खराबवाडी यांच्याबरोबर निघोजेचं नाव येतं. खेड तालुक्यातल्या या पट्ट्यात पाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या टपरीवर, भाड्याच्या खोल्यांच्या गॅलरीत एकाच वेळी शेकडो फोन वाजतात. बहुतेकांच्या कानात इअरबड्स असतात आणि बऱ्याच जणांच्या मनगटावर कॉल घेता येणारं स्मार्टवॉच. फोन उचलला जातो आणि मग सुरू होतं, "हॅलो... हॅलो... आवाज येतोय का?" रिंग फोनवर नीट वाजलेली असते. आवाज मात्र भलत्याच ठिकाणी गेलेला असतो: कधी बॅगेतल्या बड्समध्ये, कधी बाहीखालच्या घड्याळात. कधी बड्स कानात असूनही तो हँडसेटमध्येच राहतो.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात या तक्रारीवर ठरलेली तीन उत्तरं मिळतात: ब्लूटूथ बंद करून चालू करा, बड्स नव्याने पेअर करा, नाहीतर नवे घ्या. पहिल्या दोन उपायांनी अनेकदा काम होतं, पण का झालं ते कळत नाही आणि तक्रार आठवड्याभरात परत येते. खरं तर आवाज कुठे जाणार हे एका कॉलमध्ये तीन वेगवेगळ्या क्षणी ठरतं: रिंग वाजताना, कॉल उचलताना आणि बोलणं चालू असताना. या तीन क्षणांचे नियम वेगळे आहेत. गडबड यांतल्या कोणत्या क्षणी झाली एवढं ओळखता आलं, तर दोष फोनचा, बड्सचा की ॲपचा हे बऱ्यापैकी सांगता येतं.

सुरुवात रिंगपासून करू, कारण मूळ गैरसमज तिथेच आहे. फोन वाजतो म्हणजे कॉलचा आवाज फोनमध्ये आहे, असं आपण धरून चालतो. रिंग हा कॉलचा आवाज नाही, तो फोनने स्वतः वाजवलेला इशारा आहे. ब्लूटूथ जोडलेलं असतानाही अँड्रॉइड हा इशारा हँडसेटच्या स्पीकरवर मुद्दाम वाजवतं आणि शिवाय कानातही पाठवतं. कारण सरळ आहे. बड्स जोडलेले आहेत एवढं फोनला कळतं, पण ते कानात आहेत की टेबलावर, हे बहुतेक स्वस्त बड्सच्या बाबतीत त्याला कळत नाही. इशारा फक्त टेबलावरच्या बड्समध्ये वाजला तर कॉल चुकेल, म्हणून दोन्हीकडे वाजतो.

कानातली रिंगही दोन प्रकारची असते. एका प्रकारात फोन तुमची रिंगटोन ब्लूटूथच्या आवाजाच्या वाहिनीतून कानापर्यंत पाठवतो. दुसऱ्या प्रकारात फोन फक्त निरोप देतो आणि बड्स आपली स्वतःची टूं-टूं वाजवतात. फरक वरवरचा वाटला तरी परिणाम जाणवतो. पहिल्या प्रकारात आवाजाची वाहिनी उचलण्याआधीच उघडलेली असते, म्हणून समोरच्याचा पहिला शब्दही ऐकू येतो. दुसऱ्यात ती उचलल्यावर उघडते, त्यात क्षणभर जातो आणि समोरच्याचं पहिलं "हॅलो" गिळलं जातं. अँड्रॉइडमध्ये एकापेक्षा जास्त हेडसेट जोडलेले असले की पहिला प्रकार आपोआप बंद होतो. घड्याळ घेतल्यापासून कानात आपलं गाणं वाजत नाही, नुसती टूं-टूं येते, असं कुणी म्हणालं तर बड्स बिघडले असं समजू नका. फोनला आता दोन हेडसेट दिसत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा क्षण उचलण्याचा, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. ब्लूटूथमध्ये गाणी आणि कॉल यांच्यासाठी वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. गाण्यांच्या व्यवस्थेत आवाज एकाच दिशेने, चांगल्या दर्जाचा जातो. कॉलच्या व्यवस्थेला हँड्सफ्री प्रोफाइल म्हणतात. तिच्यात आवाज दोन्ही बाजूंनी जातो, मायक्रोफोन चालू होतो आणि दर्जा उतरतो. जुन्या पद्धतीत तो सेकंदाला 8,000 नमुन्यांचा असे. 2011 मध्ये आलेल्या 1.6 या आवृत्तीने तो 16,000 वर नेला. कॉल आल्यावर गाणं थांबतं आणि आवाज डबड्यातून आल्यासारखा लागतो, तो ही व्यवस्था बदलल्यामुळे.

कॉल आल्यावर फोन आणि बड्स यांच्यात जे बोलणं होतं ते जुन्या मोडेमच्या आज्ञांसारखं असतं. अँड्रॉइड फोनवर त्याचा गाभा साधारण असा दिसतो:

```
फोन → बड : +CIEV: 2,1
फोन → बड : RING
बड → फोन : ATA
फोन → बड : OK
फोन → बड : +CIEV: 1,1
फोन → बड : +CIEV: 2,0
```

पहिली ओळ सांगते की कॉल येतो आहे. `RING` म्हणजे वाजव. `ATA` ही ओळ बडवर टॅप करून कॉल उचलला तरच येते. त्यानंतर कॉल चालू झाला आणि येण्याची अवस्था संपली, असं फोन कळवतो. तुम्ही फोनच्या पडद्यावरचं हिरवं बटण ओढलंत तर `ATA` आणि तिचं उत्तर असलेली `OK`, या दोन ओळी गळतात. बाकी सगळं तसंच राहतं.

आता या संभाषणात काय नाही ते पाहा. आवाज कुठे न्यायचा याबद्दल इथे एक अक्षर नाही. आवाजाची वाहिनी ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती उघडायची की नाही हे मुख्यतः फोन ठरवतो. बड्सही ती मागू शकतात, पण शेवटचा शब्द फोनचा. म्हणजे कॉल बड्सवर वाजू शकतो, बड्सना तो चालू झाल्याचंही कळू शकतं, आणि तरीही आवाज त्यांच्याकडे जाणार नाही. उलटही होऊ शकतं: कॉल फोनवर उचलला आणि आवाज बड्सकडे गेला.

फोन हे कसं ठरवतो, याची दोन वेगळी तत्त्वं आज बाजारात आहेत. अँड्रॉइडचा मूळ नियम असा, की कॉल घेऊ शकणारं ब्लूटूथ उपकरण जोडलेलं असेल तर आवाज तिकडे पाठवायचा, मग कॉल कुठूनही उचललेला असो. ते नसेल तर वायरचा हेडफोन, तोही नसेल तर हँडसेट. आयफोनचा मूळ नियम ढोबळमानाने असा, की जिथून उचलला तिथे आवाज. पडद्यावर उचलला तर फोनमध्ये, बडवरून उचलला तर बडमध्ये. ॲपलचे स्वतःचे एअरपॉड्स असतील तर ते कानात आहेत का हेही तपासलं जातं. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांनी एकाच कंपनीचे बड्स घेतले आणि एकाकडे अँड्रॉइड, दुसऱ्याकडे आयफोन असला, तर एक म्हणतो, आवाज नको तेव्हा बड्समध्ये जातो. दुसरा म्हणतो, हवा तेव्हा जातच नाही. बड्स दोघांचेही ठणठणीत असतात.

मला स्वतःला आयफोनचा नियम जास्त पटतो. ज्याने हातात फोन घेऊन बटण ओढलं, तो फोन कानाला लावणार हे उघड आहे. पण अँड्रॉइडच्या बाजूनेही मुद्दा आहे. कानात बड्स घालून पडद्यावर उचलणारेही खूप असतात, आणि स्वस्त बड्सच्या टॅपवर कोण भरवसा ठेवतो!

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. निघोजेत खोली घेऊन राहणारा एक सीएनसी ऑपरेटर. अँड्रॉइड फोन, इअरबड्स आणि कॉलिंगचं स्मार्टवॉच, ही तिन्ही त्याच्याकडे आहेत. कारखान्यात आत फोन नेता येत नाही, तो गेटजवळच्या लॉकरमध्ये राहतो. घड्याळ मनगटावर, बड्स डबीत आणि डबी पँटच्या खिशात. आत गेल्यावर दोन्ही उपकरणं फोनच्या टप्प्याबाहेर जातात आणि जोडणी तुटते.

पाळी सुटते. तो बसकडे चालता चालता बड्स कानात घालतो आणि लॉकरजवळ येतो. बड्स आधी जोडले जातात. त्यांच्या मागोमाग घड्याळ जोडलं जातं. अँड्रॉइड 9 पासून एका फोनला एकाच वेळी अनेक ब्लूटूथ हेडसेट जोडता येतात, पण एका वेळी त्यांतला एकच सक्रिय मानला जातो, आणि हा मान सहसा शेवटी जोडल्या गेलेल्याला मिळतो. गाण्यांसाठी सक्रिय कोण आणि कॉलसाठी सक्रिय कोण, हे वेगवेगळं ठरू शकतं. घड्याळ गाण्यांसाठी जोडलेलं नसेल तर गाण्यांचा मान बड्सकडेच राहतो. कॉलचा मान शेवटी आलेल्या घड्याळाकडे जातो. काही फोन घड्याळ ओळखून त्याला बाजूला ठेवतात, पण स्वस्त घड्याळ स्वतःला साधा हेडसेट म्हणूनच सादर करत असेल तर फोनला ते कळायला मार्ग नसतो.

तो बसमध्ये गाणी ऐकतो, सगळं ठीक चालतं. मग आईचा फोन येतो. गाणं थांबतं, खिशात फोन वाजतो, मनगटावर घड्याळ थरथरतं. तो फोन काढून हिरवं बटण ओढतो. आवाज घड्याळाच्या स्पीकरमध्ये जातो, घड्याळ जॅकेटच्या बाहीखाली आणि बसचा आवाज मोठा. कानातले बड्स गप्प. गाणी आत्ता तर बड्समध्ये चालू होती, म्हणून त्याचा संशय बड्सवर जातो. आई तिकडे म्हणते, "अरे, तुझा आवाज लांबून येतोय." ही तक्रार महत्त्वाची आहे, कारण ती सांगते की मायक्रोफोनही बाहीखालचाच चालू आहे.

या वेळी कॉलच्या पडद्यावरचं आवाजाचं बटण दाबायचं. फोन, स्पीकर आणि जोडलेल्या ब्लूटूथ उपकरणांची नावं अशी यादी येते आणि निवडलेल्या नावापुढे खूण असते. त्याने ती उघडली असती तर घड्याळाच्या नावापुढे खूण दिसली असती आणि निदान तिथेच झालं असतं. बड्सचं नाव निवडलं की आवाज कानात येतो. उद्या मात्र लॉकरजवळ तोच प्रकार पुन्हा होणार. कायमचा उपाय फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये आहे. घड्याळाच्या नावापुढचं चाक दाबलं की `Phone calls` असा खटका दिसतो, तो बंद करायचा. काही फोनवर नुसतं `Calls` असतं. अशा बऱ्याच घड्याळांच्या ब्लूटूथच्या यादीत दोन नोंदी असतात, एक सूचनांसाठी आणि एक कॉलसाठी. कॉलची नोंद बंद केली तरी मेसेज आणि कॉलची सूचना ॲपमधून येत राहते. मनगटावरून बोलणं तेवढं बंद होतं.

याच खटक्याचं दुसरं टोकही पाहण्यासारखं आहे. गाणी बड्समध्ये येतात पण कॉल नेहमीच हँडसेटवर राहतो, आणि कॉलच्या आवाजाच्या यादीत बड्सचं नावच नसतं. अशा वेळी कॉलची जोडणी झालेलीच नसते. एकतर बड्सच्या पानावरचा `Phone calls` खटका कुणीतरी बंद केलेला असतो, किंवा जोडताना ती व्यवस्था अर्धवट राहिलेली असते. इथे मात्र दुकानदाराचा 'पेअर तोडून पुन्हा करा' हा उपाय योग्य आहे, कारण त्याने दोन्ही जोडण्या नव्याने होतात.

आणखी एक प्रकार या पट्ट्यात जास्त आढळण्याचं कारण आहे, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये नाही. बड्स डबीत ठेवले की तळाच्या पितळी टोकांशी त्यांचा संपर्क होतो, त्यांना चार्जिंग सुरू झाल्याचं कळतं आणि ते ब्लूटूथ तोडतात. हा संपर्क झाला नाही तर बड्स डबीतही जागेच राहतात. फोनच्या दृष्टीने ते जोडलेले असतात, आणि अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे कॉलचा आवाज सरळ बंद डबीत जातो. मायक्रोफोनही डबीतलाच, म्हणून समोरच्यालाही काही ऐकू येत नाही. कॉल चालू, वेळ मोजला जातोय आणि दोन्हीकडे शांतता.

डबीत आणि बड्समध्ये छोटी चुंबकं असतात, बड जागेवर बसावा म्हणून. ग्राइंडिंगच्या आणि लेथच्या आसपास उडणारी लोखंडाची बारीक पूड त्या चुंबकांना चिकटते आणि टोकांभोवती साचते. त्यावर कूलंट, तेल आणि घाम यांचा थर बसतो. कार्यालयात काम करणाऱ्याच्या डबीत हे सहसा होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: बड आत ठेवल्यावर चार्जिंगचा दिवा लागत नाही किंवा बड दाबल्यावरच लागतो, आणि एक बड दुसऱ्याच्या आधी संपतो. कोरडा कापसाचा बोळा, हवं तर त्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूड ओढून काढायला चिकटपट्टीचा तुकडा, एवढ्यावर काम होतं. टोकदार पिन घालू नये, टोकांमागची स्प्रिंग वाकते. शॉप फ्लोअरवर जाताना डबी लॉकरमध्येच ठेवली तर हा सगळा प्रश्नच येत नाही.

तिसरा क्षण कॉल चालू असतानाचा. बड्स कानात, फोन चार्जिंगला लावलेला, आणि बोलत बोलत माणूस गॅलरीतून खाली उतरतो. आवाज तुटतो, मग काही सेकंद पूर्ण शांतता, आणि वर खोलीत फोनच्या हँडसेटमधून बारीक आवाज येऊ लागतो. वर परत गेलं की काही वेळाने आवाज पुन्हा कानात उडी मारतो. हा बिघाड नाही, फोनने नियमाप्रमाणे केलेलं काम आहे. मधली शांतता का, तर ब्लूटूथ जोडणी तुटली असं ठरवायला फोन थोडी वाट पाहतो. ब्लूटूथच्या मानकातली मूळ मुदत 20 सेकंदांची आहे. फोन बनवणारे ती कमी करतात, पण शून्य करत नाहीत, नाहीतर खांबाआड गेलं तरी जोडणी तुटली असती. मुदत संपली की फोन हँडसेटवर येतो. बड पुन्हा जोडला गेला की पुन्हा त्याच्याकडे जातो.

या नियमाला अँड्रॉइडमध्ये एक समजूतदार अपवाद आहे. कॉल चालू असताना तुम्ही स्वतः ब्लूटूथ सोडून हँडसेट निवडला असेल, तर त्या कॉलपुरतं फोन ते लक्षात ठेवतो आणि आवाज आपणहून परत बड्सकडे नेत नाही. त्यामुळे उड्यांनी वैतागलेल्या माणसाने ब्लूटूथ बंद करण्याऐवजी यादीतून हँडसेट निवडावा. पुढच्या कॉलला हिशोब नव्याने सुरू होतो.

व्हॉट्सॲपच्या कॉलचं गणित निराळं आहे. सिमच्या कॉलचा मार्ग फोनची यंत्रणा ठरवते. ॲपच्या कॉलमध्ये मात्र ॲपला यंत्रणेकडे मागणी करावी लागते, की मला बोलण्यासाठी अमुक उपकरण दे. या मागणीची पद्धत अँड्रॉइड 12 मध्ये बदलली, आणि त्याच आवृत्तीपासून ॲपला ब्लूटूथ उपकरणांशी बोलण्यासाठी वेगळी परवानगी लागू लागली. पडद्यावर ती `Nearby devices` या नावाने येते. ते नाव वाचून अनेकांना वाटतं की आजूबाजूच्यांचे फोन शोधले जातील, आणि ते नाही म्हणतात. मग सिमचा कॉल बड्समध्ये येतो, पण व्हॉट्सॲपचा हँडसेटमध्ये राहतो. एकाच फोनवर, एकाच बड्सबरोबर फक्त एका ॲपच्या कॉलचा आवाज कानात येत नसेल, तर बड्सना हात लावण्याआधी त्या ॲपच्या परवानग्या पाहाव्यात.

लॅपटॉप आणि फोन दोन्हीला एकाच वेळी जोडणारे बड्स घेतले की आणखी एक निर्णयकर्ता वाढतो, कारण दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे बड्स स्वतः ठरवतात. लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना फोनचा आवाज बड्समध्ये न येणं हे त्यात अपेक्षितच आहे. 2022 मध्ये पूर्ण झालेल्या एलई ऑडिओ या नव्या मानकाने आवाजाचा दर्जा आणि बॅटरी यांत फरक पडतो, पण जोडलेलं उपकरण कानात आहे की डबीत, हे फोनला ओळखता येण्याचा प्रश्न त्यानेही आपोआप सुटत नाही. त्यासाठी बडमध्ये सेन्सर लागतो, आणि सेन्सर किमतीत दिसतो.

आयफोनवाल्यांना आवाज कुठे जावा ते स्वतः ठरवता येतं. `Settings > Accessibility > Touch > Call Audio Routing` इथे आपोआप, ब्लूटूथ हेडसेट आणि स्पीकर असे तीन पर्याय आहेत. ही जागा शोधून सापडत नाही हा ॲपलचा दोष, पण निदान ती आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये 'फोनवर उचलला तर आवाज फोनवरच ठेव' असं सांगायला अशी सरळ जागा नाही, आणि माझ्या मते या सगळ्या गोंधळातली सर्वांत मोठी त्रुटी तीच आहे. बड्स बनवणाऱ्या कंपन्या तिची भरपाई करू शकत नाहीत. तेव्हा बड्स घेऊन वॉरंटीच्या रांगेत उभं राहण्याआधी एक कॉल लावा, तो चालू असताना आवाजाची यादी उघडा आणि खूण कोणत्या नावापुढे आहे ते पाहा. बड्सचं नाव निवडूनही, डबीची टोकं साफ करूनही आवाज येत नसेल, तरच रांगेत उभे राहा.